रेषेच्या चढावरून सक्रियण ऊर्जा कशी काढायची: सहा आकडे, एक रेषा आणि नेहमीच्या चुका

तापमान वाढलं की अभिक्रिया झपाट्याने होते, हे स्वयंपाकघरातही कळतं. किती झपाट्याने, हे सांगणारा आकडा म्हणजे सक्रियण ऊर्जा, आपण वर्गात सर्रास म्हणतो ती ॲक्टिव्हेशन एनर्जी. ती थेट मोजता येत नाही. वेगवेगळ्या तापमानांना वेगस्थिरांक मोजायचे, त्यांचे लॉग घ्यायचे, तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध मांडायचे आणि त्या बिंदूंतून जाणाऱ्या सरळ रेषेचा चढ वाचायचा. सांगायला हे एका वाक्यात होतं. करायला बसलं की निम्म्या वर्गाची उत्तरं वेगवेगळी येतात.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो: डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचं, म्हणजे N₂O₅ चं वायुरूपातलं विघटन. फॅरिंग्टन डॅनियल्स आणि एल्मर जॉन्स्टन यांनी १९२१ मध्ये ते मोजलं. त्यांचे आकडे तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत फिरत आहेत. तुमच्या जर्नलमधले आकडे वेगळ्या अभिक्रियेचे असतील, पण पायऱ्या याच राहतील.

समीकरण सरळ रेषेचं कसं होतं

अऱ्हेनियसचं समीकरण असं आहे. त्यात k म्हणजे वेगस्थिरांक, Ea म्हणजे सक्रियण ऊर्जा, T म्हणजे केल्विनमधलं तापमान, आणि A हा त्या अभिक्रियेचा स्वतःचा स्थिरांक:

```
k = A · e^(-Ea/RT)
ln k = ln A - (Ea/R) · (1/T)
```

दुसरी ओळ पहिलीचाच नैसर्गिक लॉग आहे. आता `ln k` ला y म्हणा आणि `1/T` ला x म्हणा. दहावीतलं `y = mx + c` समोर येतं. चढ `m` म्हणजे `-Ea/R`, आणि रेषा y-अक्षाला जिथे छेदते ती किंमत, म्हणजे इंटरसेप्ट, `ln A`. इथे R म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४ जूल प्रति मोल प्रति केल्विन.

चढाच्या एककाकडे सहसा कुणी बघत नाही, पण तिथे दोन मिनिटं थांबा. `ln k` ला एकक नसतं आणि x चं एकक १/केल्विन असतं, म्हणून चढ केल्विनमध्ये येतो. त्याला R ने गुणलं की केल्विन कटतो आणि जूल प्रति मोल उरतात. उत्तराचं एकक वेगळंच येत असेल तर गडबड आकडेमोडीच्या आधी झालेली आहे.

आणखी एक सोय या समीकरणात दडलेली आहे. सगळे k एकाच ठरावीक संख्येने गुणले, तर प्रत्येक `ln k` सारखाच वर सरकतो आणि चढ जिथल्या तिथे राहतो. k प्रति सेकंदाऐवजी प्रति मिनिट घेतला, तर रेषा `ln 60` म्हणजे ४.०९ ने वर जाते, बस. म्हणूनच पर्सल्फेट आणि आयोडाइडच्या ‘घड्याळ’ प्रयोगात, जिथे निळा रंग यायला लागलेला वेळच फक्त मोजतो, तिथे k न काढता `1/वेळ` चा लॉग मांडला तरी सक्रियण ऊर्जा बरोबर येते. अट एकच: सगळ्या तापमानांना द्रावणांची संहती आणि प्रमाण तेच हवं. A मात्र या वाटेने मिळत नाही.

तक्ता भरताना

स्प्रेडशीटच्या पहिल्या ओळीत शीर्षकं आणि खाली सहा ओळी आकडे. मूळ आकडे फक्त पहिल्या दोन स्तंभांत आहेत, उरलेले दोन शीट काढते.

```
A: t(°C)   B: k(1/s)    C: 1/T        D: ln k
0          7.87E-07     0.00366099    -14.0550
25         3.46E-05     0.00335402    -10.2717
35         1.35E-04     0.00324517     -8.9102
45         4.98E-04     0.00314317     -7.6049
55         1.50E-03     0.00304739     -6.5023
65         4.87E-03     0.00295727     -5.3247
```

```
C2:  =1/(A2+273.15)
D2:  =LN(B2)
F2:  =SLOPE(D2:D7,C2:C7)
F3:  =INTERCEPT(D2:D7,C2:C7)
F4:  =-F2*8.314/1000
```

C2 आणि D2 खाली ओढून घ्या. `SLOPE` मध्ये y आधी आणि x नंतर द्यावा लागतो, उलट दिलं तरी शीट तक्रार करत नाही.

तिसऱ्या स्तंभाकडे नीट बघा. तापमान शून्यापासून पासष्ट अंशांपर्यंत गेलं. बर्फापासून हात पोळण्यापर्यंत. पण `1/T` ०.००३६६ वरून फक्त ०.००२९६ वर आला. आपली सगळी रेषा एवढ्याशा पट्टीत बसलेली आहे, म्हणून इथला प्रत्येक दशांश मोलाचा. मुलं कॅल्क्युलेटरवरून वहीत ०.००३७, ०.००३४, ०.००३२ असं उतरवतात. मग ५५ आणि ६५ अंश दोन्ही ०.००३० होतात, म्हणजे एकाच x वर दोन बिंदू. याच सहा आकड्यांवर तसं करून पाहिलं तर सक्रियण ऊर्जा ९३.५ किलोजूल येते. खरं उत्तर १०३. एका गोलाईने साडेनऊ किलोजूल गिळले. `1/T` निदान पाच सार्थ अंकांत ठेवा. शीटमध्ये काम करत असाल तर गोल करूच नका.

सेल्सियसमध्येच `1/T` काढण्याची चूक या तक्त्यात लगेच पकडली जाते, कारण पहिल्याच ओळीत शून्याने भागावं लागतं. तुमच्या प्रयोगात शून्य अंश नसेल तर ती मुकाट पुढे जाते. तपासायची खूण सोपी: खोलीच्या तापमानाजवळ `1/T` ०.००३३ च्या आसपास असायला हवा.

चढ

F2 मध्ये −१२३८८ येतं. ऋण चिन्ह बरोबर आहे: `1/T` वाढतो म्हणजे तापमान उतरतं, आणि तापमान उतरलं की k घटतो. सक्रियण ऊर्जा मात्र धन येते, म्हणून F4 मध्ये वजा चिन्ह.

```
Ea = 12388 × 8.314 = 102994 J/mol ≈ 103.0 kJ/mol
ln A = 31.293,  A ≈ 3.9 × 10^13 1/s
```

आलेखही काढा, पण स्कॅटर चार्ट निवडा. लाइन चार्ट निवडला तर शीट x च्या जागी १, २, ३, ४ असे अनुक्रमांक घेते, त्यावर ट्रेंडलाइन मारते आणि गुळगुळीत दिसणारं पण निरर्थक समीकरण छापते. चढ एक-दोनच्या आसपास दिसला, तर आधी चार्टचा प्रकार बघा.

रेषाच का, दोन बिंदूंचं सूत्र का नाही, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. पुस्तकातल्या गणितात दोनच तापमानं दिलेली असतात, त्यामुळे ती सवय लागते. वरच्या तक्त्यातले फक्त ४५ आणि ५५ अंश घ्या: उत्तर ९५.७ किलोजूल. फक्त ५५ आणि ६५ घ्या: १०८.६. तीच अभिक्रिया, तेच कसलेले प्रयोगकर्ते, आणि तेरा किलोजूलचा फरक. ५५ अंशांचा बिंदू जरासा खाली पडला आहे, आणि जवळच्या दोन बिंदूंच्या जोडीत तेवढ्याने चढ पार फिरतो. सहा बिंदूंच्या रेषेत त्याचा आवाज दबतो.

लॉगचा घोटाळा

हा मी सगळ्यात जास्त वेळा पाहिला आहे. एकदा प्रॅक्टिकलला एक विद्यार्थिनी जर्नल घेऊन आली.

“सर, आलेख एकदम सरळ आलाय, R² चार नऊचा आहे, तरी उत्तर निम्म्याहून कमी येतंय. ४४.७.”

“शीटमध्ये काय टाकलंस?”

“LOG.”

“मग २.३०३ ने गुण.”

तिने उभ्याउभ्याच कॅल्क्युलेटर काढला. ४४.७ गुणिले २.३०३, आला १०३. स्प्रेडशीटमध्ये नुसतं `LOG` म्हणजे दहाच्या पायाचा लॉग, आणि नैसर्गिक लॉगसाठी `LN`. पायथनमध्ये बरोबर उलटं आहे: तिथे `np.log` नैसर्गिक आणि `np.log10` दहाच्या पायाचा. जुन्या पुस्तकांत आणि लॉग टेबल वापरणाऱ्या पिढीच्या जर्नलमध्ये दहाचाच पाया असतो. त्यात काही चूक नाही, फक्त मग चढ `-Ea/2.303R` असतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, अर्धी ही आणि अर्धी ती मात्र चालत नाही.

या प्रसंगातून R² बद्दलही, म्हणजे बिंदू रेषेला किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याबद्दलही, एक गोष्ट कळते. लॉगचा पाया चुकला तरी बिंदू तितकेच सरळ राहतात, म्हणून R² तोच ०.९९९९ दाखवतो. आणि `1/T` गोल करून साडेनऊ किलोजूल घालवले तरी तो ०.९७ च्या वर असतो. k सहा हजार पटींनी बदलत असताना R² चांगला येणारच. त्यावर भिस्त ठेवू नका.

उरलेलं अंतर बघा

R² ऐवजी प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर पडला ते बघा. याला अवशेष म्हणतात, आणि शीटमध्ये एका स्तंभाचं काम आहे:

```
E2:  =D2-($F$2*C2+$F$3)
```

आपल्या उदाहरणात वरून खाली +०.००४, −०.०१५, −०.००२, +०.०४०, −०.०४४, +०.०१७ असे अवशेष येतात. हे लॉगमधले फरक आहेत, म्हणून सरळ टक्के म्हणून वाचता येतात: ४५ अंशांचा k रेषेपेक्षा साधारण ४ टक्के जास्त, ५५ अंशांचा तेवढाच कमी.

चार टक्के चूक कुठून आली असेल? दाब मोजताना आली असेल, पण तापमानाचाही हिशेब करून बघा. तापमान एका अंशाने चुकलं तर k किती टक्क्यांनी चुकतो, हे `Ea/RT²` सांगतं. ४५ अंशांना ते १२३८८ भागिले ३१८.१५ चा वर्ग, म्हणजे ०.१२२. एका अंशाला बारा टक्के! म्हणजे चार टक्क्यांसाठी थर्मामीटरची अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी चूक पुरते. कॉलेजच्या पाणबाथमध्ये एवढा फरक कोपऱ्याकोपऱ्यात असतो. म्हणून स्टॉपवॉचचा शंभरावा सेकंद वाचत बसण्यापेक्षा थर्मामीटरचा बल्ब फ्लास्कमध्ये आहे की बाहेर बाथमध्ये, याकडे लक्ष द्या.

थर्मामीटर सगळीकडे सारखाच एक अंश जास्त दाखवत असेल तर फारसं बिघडत नाही. सक्रियण ऊर्जा अर्ध्या-पाऊण टक्क्याने हलते. घातक चूक ती, जी तापमानाबरोबर वाढते. बाथ ६५ वर आहे पण आतलं मिश्रण ६४ लाच आहे, आणि खालच्या तापमानांना मात्र दोन्ही सारखे, असं झालं की आपण मोजलेला तापमानाचा पल्ला खऱ्यापेक्षा लांब ठरतो. चढ कमी येतो, उत्तर कमी येतं, आणि रेषा तरीही सरळच दिसते. द्रावणं मिसळण्याआधी दोन्ही वेगवेगळी बाथमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, ती यासाठी.

अवशेषांच्या चिन्हांत क्रम दिसतो का, तेही बघा. आपल्याकडे अधिक-उणे मिसळलेले आहेत, ते ठीक. पण दोन्ही टोकांना अधिक आणि मधे उणे, किंवा त्याच्या उलट, असं दिसलं तर बिंदू रेषेवर नाहीत, वक्रावर आहेत. लक्षात ठेवा, या आलेखात जास्त तापमान डावीकडे असतं. डावीकडे वक्र आडवा होत असेल, तर जास्त तापमानाला रसायनापेक्षा दुसरंच काही वेग ठरवू लागलं आहे: मिसळण्याचा वेग, विसरण, किंवा न तापलेला फ्लास्क. डावीकडे तो आणखी उभा होत असेल, तर जास्त सक्रियण ऊर्जेची दुसरी वाट उघडली असण्याची शक्यता धरा. विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या प्रयोगात डावीकडचे बिंदू चक्क खाली कोसळतात, कारण प्रथिनच बिघडतं. अशा बिंदूंतून एकच रेषा ओढून आलेला चढ कुठल्याच वाटेची सक्रियण ऊर्जा नसतो. सरळ असलेला भाग वेगळा काढा आणि कुठले बिंदू का वगळले ते जर्नलमध्ये लिहा.

± किती

नुसतं १०३.० लिहिणं अर्धवट आहे. चढाची प्रमाण त्रुटी शीट देते:

```
F5:  =INDEX(LINEST(D2:D7,C2:C7,TRUE,TRUE),2,1)
F6:  =T.INV.2T(0.05,4)
F7:  =F5*F6*8.314/1000
```

F5 मध्ये ५६.७ केल्विन येतं. सहा बिंदूंतून चढ आणि इंटरसेप्ट अशा दोन गोष्टी काढल्या, म्हणून उरले चार. तोच तो F6 मधला ४, तुमचे बिंदू वेगळे असतील तर तो बदला. F6 मध्ये २.७८ आणि शेवटी F7 मध्ये १.३. म्हणून लिहायचं: १०३.० ± १.३ किलोजूल प्रति मोल, ९५ टक्के विश्वासाने, ० ते ६५ अंशांदरम्यान.

आता शून्य अंशांची ओळ पुसून बघा. राहिलेल्या पाच बिंदूंतून १०३.२ येतं, म्हणजे जवळजवळ तेच. पण ± ३.१ होतं, अडीच पटींच्या आसपास. तो एक बिंदू बाकीच्यांपासून लांब, आलेखाच्या उजव्या टोकाला एकटा उभा आहे, आणि रेषा त्याच्याभोवती घट्ट धरलेली आहे. बर्फाच्या बाथमध्ये प्रयोग करायला सगळ्यांना कंटाळा येतो, कारण अभिक्रिया संपता संपत नाही. पण २५ ते ४५ मध्ये आणखी चार बिंदू घेण्यापेक्षा तो एक बिंदू जास्त देतो. त्याची दुसरी बाजू अशी की तो चुकला तर सगळी रेषा आपल्याकडे ओढतो, आणि त्याचा स्वतःचा अवशेष मात्र लहानच दिसतो. म्हणून टोकाचं मोजमाप दोनदा घ्या.

A बद्दल, आणि k परत काढताना

A साठी ± फार मोठं येतं, आणि मुलांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. इंटरसेप्ट म्हणजे `1/T` शून्य असतानाची किंमत, म्हणजे अनंत तापमान. आपले बिंदू ०.००३ च्या आसपास आहेत आणि रेषा तिथून थेट शून्यापर्यंत ताणलेली. चढ किंचित हलला की ते टोक बरंच हलतं. आपल्या उदाहरणात A ३.९ × १०^१३ असला, तरी ९५ टक्के विश्वासाने तो २.३ ते ६.५ × १०^१३ मध्ये कुठेही असू शकतो. A एका सार्थ अंकात लिहिलेला पुरे.

आणखी एक सावधगिरी. N₂O₅ चं विघटन एका टप्प्यात होत नाही. आधी तो NO₂ आणि NO₃ मध्ये फुटतो, ते परत जुळतातही, आणि पुढचे टप्पे वेगळे. तरी सगळ्याची बेरीज पहिल्या कोटीची दिसते आणि रेषाही सरळ येते. म्हणून १०३ ला ‘भासमान’ सक्रियण ऊर्जा म्हणणं जास्त प्रामाणिक. सरळ रेषा आली म्हणजे एकच टप्पा आहे, असं सिद्ध होत नाही.

शेवटी रेषा उलटी वापरून न मोजलेल्या तापमानाचा k काढायचा असेल, समजा ४० अंशांचा, तर `1/T` ०.००३१९३३६ घ्या. `ln k` येतो −८.२६६ आणि k २.५७ × १०^−४ प्रति सेकंद, म्हणजे निम्मा N₂O₅ संपायला सुमारे ४५ मिनिटं. हा आकडा भरवशाचा आहे, कारण ४० अंश आपल्या बिंदूंच्या मधोमध आहे. A ची अनिश्चितता इथे आड येत नाही. चढ आणि इंटरसेप्ट एकमेकांच्या चुका खोडून काढतात, पण जोडीने वापरले तरच. चढ पूर्ण ठेवून इंटरसेप्ट ३१.२९३ ऐवजी ‘साधारण ३१’ घेतला, तर k पाव हिश्शाने कमी येतो. अहवालात A एका अंकात लिहा, पण हिशेब करताना F2 आणि F3 जसेच्या तसे वापरा.